सूट कुर्त्याला, चटका गल्ल्याला

लक्ष्मी रोडवरच्या एका काल्पनिक शेटजींचा दिवाळी सेल पाहा. ६०० रुपयांना पडलेला कुर्ता १,००० ला विकायचा, त्यावर २० टक्के सूट. शेटजींच्या मते नफाही २० टक्क्यांनीच घटतो. प्रत्यक्षात ४०० चे २०० होतात, म्हणजे निम्मा जातो. पूर्वीइतकी कमाई हवी तर विक्री दुप्पट व्हायला हवी.

माल मात्र ३०० च नग आणि जाहिरातीला ५०,००० रुपये! म्हणजे पहिले २५० कुर्ते जाहिरातवाल्याचे, दुकानाच्या वाट्याला ५०. भाडं आणि पगार अजून दारात ताटकळतायत.

तेही सगळा माल खपला तर. बोनस हातात पडला की गिऱ्हाईक बाहेर पडतं. शेटजींचा फलक झळकला धनत्रयोदशीला. तोवर लोकांचे कुर्ते इस्त्री होऊन कपाटात. शिवाय सगळ्या मापांचे नग सारखेच मागवलेले, त्यामुळे एल आणि एक्सएल आधी संपले.

भाऊबीजेला मोजदाद झाली. ६० कुर्ते शिल्लक, बहुतेक स्मॉल. विकलेल्या २४० मधून सुटले ४८,०००. जाहिरातीचं बिल त्याहून २,००० ने जास्त. उरलेल्या मालात ३६,००० अडकलेत आणि फलकावर ‘शेवटचे दोन दिवस’ अजून तसंच आहे.