तात्या आणि दोन पडदे

शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय तात्यांना काही पटत नाही. हापूस घेताना ते दोन पेट्या उघडून मांडायला लावतात. भाच्याचं लग्न ठरवताना त्यांनी स्थळांचे फोटोही असेच मांडले होते. तेव्हापासून अशा कामात त्यांना कोणी बोलावत नाही. हे तात्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची दोन कोटेशनं आली आणि झूमवर सभा ठरली. ‘एक कागद मी दाखवतो, दुसरा खजिनदार दाखवतील. एकाच वेळी!’ तात्यांनी जाहीर केलं. नातीकडून शिकून त्यांनी शेअरच्या बटणाशेजारचा बाण दाबला आणि Multiple participants can share simultaneously हा पर्याय निवडला. दोघांचे पडदे सुरू झाले.

‘दिसतायत ना दोन्ही?’

‘एकच दिसतोय. चार लाख पस्तीस हजारवाला.’

हा खजिनदारांचा. त्यांनी नंतर सुरू केला होता, आणि एकच मॉनिटर असलेल्याला आधी दिसतो तो शेवटी आलेला. दुसरा बघायचा तर ज्याने-त्याने वरच्या View Options मध्ये जाऊन निवडायचा. दोन्ही एकदम दिसायला बघणाऱ्याकडेच दोन मॉनिटर हवेत, शिवाय त्याच्या सेटिंगमध्ये Use dual monitors वर खूण हवी. सभेला आलेल्या बाविसांपैकी निम्मे मोबाइलवर होते. दोन मॉनिटर फक्त तात्यांकडे. एक मुलगा अमेरिकेला जाताना ठेवून गेलेला.

तात्यांनी आपला पडदा बंद करून पुन्हा सुरू केला. आता सगळ्यांना चार लाख ऐंशी हजार दिसू लागले. खजिनदारही मानी, त्यांनीही बंद करून सुरू केला. पुन्हा चार पस्तीस. पाच मिनिटं हा झिम्मा चालला. तात्यांच्या टेबलावर मात्र सगळं यथासांग मांडलेलं, त्यामुळे लोक का ओरडतायत हे त्यांना कळेना.

‘स्वस्तवाला घ्या आणि संपवा!’ तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला.

तेवढ्यात शाळेतून निवृत्त झालेल्या काकू म्हणाल्या, ‘तात्या, दोन्ही कागद तुमच्याच एका पडद्यावर अर्धे-अर्धे लावा. आणि नुसती खिडकी नको, अख्खा पडदा दाखवा.’

तात्यांना ते कमीपणाचं वाटलं, पण लावले. मोबाइलवाल्यांनी बोटांनी अक्षरं मोठी केली. डावीकडे ४,८०,००० पुढे ‘जीएसटीसह’. उजवीकडे ४,३५,००० खाली बारीक अक्षरांत ‘१८ टक्के जीएसटी वेगळा’. म्हणजे ५,१३,३००. स्वस्तवाला तेहतीस हजार तीनशेने महाग!

‘म्हणूनच मी म्हणत होतो, शेजारी-शेजारी ठेवा!’ तात्या विजयी मुद्रेने म्हणाले.

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक ठराव आहे: प्रत्येक सभासदाने दुसरा मॉनिटर घ्यावा. सोबत तात्यांनी मॉनिटरची दोन कोटेशनं जोडली आहेत. एकाच कागदावर, अर्धी-अर्धी.