इतिवृत्तात (हशा)

ग्रामसभेच्या इतिवृत्तात एके ठिकाणी कंसात ‘हशा’ असं लिहिलेलं आहे. चार ओळी खाली ‘पुन्हा हशा’. पुढच्या पानावर ‘गोंधळ’, मग ‘काही ग्रामस्थ उठून उभे राहतात’ आणि त्याच पानाच्या तळाशी ‘चहा’. चहाला मात्र कंस नाही. त्यामुळे चहा हा ठराव होता की घटना, हे कळायला मार्ग नाही.

गावाचं नाव विचारू नका. उरुळी कांचन सोडून यवतकडे निघालात की मध्ये कासुर्डी लागते. त्या टापूत उसाच्या आडोशाला अशी गावं हवी तेवढी आहेत, आणि प्रत्येक गावात ही वही आहे. ग्रामसेवकाचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, वही तीच राहिली आहे.

घडलं एवढंच. पंधरा ऑगस्टची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली आणि पुढच्या आठवड्यात भरली. विषय क्रमांक तीन निघाला तोच मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, हरकतीचा मुद्दा आहे. सभागृहात माणसं पुरेशी नाहीत, सभा चालवता येणार नाही. प्रश्न रास्त होता. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. गावात 1600 मतदार धरा. त्यांचे 15 टक्के 240 होतात, म्हणजे लागणार 100. समोर बसलेले 64, त्यात दोघं दुसऱ्या गावचे पाहुणे. सरपंचांनी उत्तर दिलं की ही तहकूब सभा आहे, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मुद्दा फेटाळला, पुढचा विषय घ्या. हेही उत्तर बरोबर होतं. दोन माणसांनी दोन वाक्यांत, कायद्याला धरून, एक वाद मिटवला. पुणे जिल्ह्यात असं दर आठवड्याला घडत नाही.

आता या सगळ्याचं इतिवृत्त बघा. अकरा पानं!

त्यात अमुक म्हणाले, त्यावर तमुक म्हणाले, त्यावर अमुक पुन्हा म्हणाले की आम्ही काय इथं शेंगा खायला आलोय का. हजेरीपत्रकावर सह्या किती आणि प्रत्यक्ष डोकी किती यावर दीड पान आहे, कारण सह्या करून निम्मे लोक चौकात गेले होते. माइकची खरखर आहे. एका माजी सदस्याने 1998 साली अशीच सभा कशी उधळली गेली होती याची आठवण सांगितली, ती आठवण आहे. महिला सभेचा अहवाल वाचायचा राहिला, तो मात्र नाही. आणि या अकरा पानांत एक गोष्ट कुठेही सापडत नाही, ती म्हणजे सरपंचांचा निर्णय. ‘सविस्तर चर्चा होऊन विषय मार्गी लागला’, एवढ्यावर हरकतीचा मुद्दा संपतो. मार्ग कोणता, ते चहा पिणाऱ्यांना माहीत.

हे शिकले कुठे, तर टीव्हीवर. लोकसभेत असं लिहितात ना, म्हणून. लोकसभेत लिहितात ते बरोबर आहे, पण तिथे दोन वेगळे कागद असतात. एक शब्दशः वृत्तांत. तो लिहायला दर काही मिनिटांनी पाळी बदलणारे प्रशिक्षित प्रतिवेदक बसतात, आणि कंसातला हशा त्यांच्या कागदात असतो. दुसरा असतो कामकाजाचा संक्षिप्त गोषवारा, त्यात काय झालं तेवढंच येतं. आपल्या वहीला गोषवारा व्हायचंय, वृत्तांत नव्हे. शिवाय त्याच लोकसभेच्या नियम 376 प्रमाणे हरकतीच्या मुद्द्यावर चर्चाच होत नाही. अध्यक्षांना वाटलं तर ते निर्णयाआधी कुणाचं म्हणणं ऐकून घेतात, पण दिलेला निर्णय अंतिम असतो. म्हणजे नक्कल करायची तर कंसाची केली, नियमाची राहिली.

खरा रोग मात्र टीव्हीचा नाही, ‘नोंद घ्या’चा आहे. बाह्या सावरत जो उठतो तो पहिलं वाक्य हेच बोलतो. पाणी चार दिवसांनी आलं, नोंद घ्या. दिवाबत्ती बंद, नोंद घ्या. मी मागच्या वेळीही बोललो होतो, त्याची नोंद घ्या. आणि हे सगळे ‘हरकतीचे मुद्दे’! अहो, टँकर आला नाही ही तक्रार आहे. चालू असलेल्या कामकाजात सभेचा नियम मोडला जात असेल तरच तो हरकतीचा मुद्दा होतो. अशा वेळी अध्यक्षांनी ‘हा हरकतीचा मुद्दा होत नाही’ एवढं म्हणायचं असतं, तोही निर्णयच असतो आणि त्याची एक ओळ लिहिली की काम झालं. पण एका ओळीत नाव कसं गाजणार? वहीत तीन वेळा नाव आलं तर पुढच्या पंचवार्षिकला वॉर्डात दाखवता येतं. बिचारा लिहिणारा घाबरून सगळं लिहीत सुटतो. ज्याचं वाक्य सुटेल तो उद्या दारात उभा.

पुढची सभा भरते, आणि तिथे विषय क्रमांक एक असतो मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हे पाच मिनिटांचं काम आहे. झालं ते बरोबर लिहिलंय का, एवढंच बघायचं. पण वाचताना ‘पुन्हा हशा’ आला आणि डाव्या बाजूचे एक काका उठले. म्हणाले, मी हसलो नव्हतो, मला ठसका लागला होता, दुरुस्ती करा. उजवीकडून आवाज आला की ठसका नव्हे, ते छद्मी हसले, मी शेजारीच होतो. तिसऱ्याने सुचवलं की ‘हशा’ हा सामूहिक असतो, एकट्याचं ते ‘हसणे’, आणि किती जण हसले ते लिहिल्याशिवाय हशा कायम करता येणार नाही. चौथ्याला हरकतीचा मुद्दा सुचला की हसणाऱ्यांतले पाहुणे वजा केले का, कारण ते मतदार नाहीत आणि त्यांचं हसणं या सभेपुरतं ग्राह्य धरता येत नाही. मग सूचक आले, अनुमोदक आले, ‘पुन्हा हशा’ ऐवजी ‘ठसका (एक)’ असं वाचावं असा ठराव मांडला गेला, त्यावर मतदान मागितलं गेलं, आणि तेवढ्यात सगळं सभागृह खदाखदा हसलं. लिहिणाऱ्याने निष्ठेने पेन उचललं आणि कंस उघडला. ही सभा चौदा पानांची झाली. तिचं इतिवृत्त कायम करायला पुढची सभा बसेल, तेव्हा मी घरी राहणार आहे.

गंमत इथवर ठीक होती. त्याच गावातल्या एका शेतकऱ्याला त्या तहकूब सभेतला विषय तीनचा ठराव पुढे तालुक्याला दाखवायचा होता. तिथे विचारलं, सभेला हजेरी किती? 64. मग गणपूर्ती नव्हती, ठराव कसा धरायचा? तो म्हणाला, हरकत तिथेच घेतली होती आणि सरपंचांनी निर्णय दिलाय. दाखवा. त्याने माहिती अधिकारात अर्ज टाकला, पानाला 2 रुपयांप्रमाणे 22 रुपये भरले आणि अकरा पानं आणली. त्या 22 रुपयांत त्याला सगळ्यांची बोलणी मिळाली, 1998 सालची आठवण मिळाली, दोन्ही हशे मिळाले. निर्णय मिळाला नाही. सभा तहकूब होती हे सांगणारी ओळसुद्धा नाही, कारण ती सांगितली सरपंचांनी आणि लिहिणारा तेव्हा कंस लिहिण्यात गुंतला होता. या माणसाचे हेलपाटे कुणाच्या खात्यावर टाकायचे? इतिवृत्त हे गावाच्या करमणुकीचं पुस्तक नाही. उद्या भांडण कचेरीत गेलं तर तिथे उभा राहणारा तो एकमेव साक्षीदार असतो, आणि आपण त्याला सगळं बोलायला शिकवलंय, फक्त विचारलेलं सोडून.

काय लिहायला हवं होतं, ते सांगतो. ग्रामसेवकांनी वाटल्यास उतरवून घ्यावं, नाव तेवढं भरावं:

‘विषय क्र. 3 चालू असताना श्री. ____ यांनी हरकतीचा मुद्दा घेतला की, गणपूर्तीस 100 मतदार आवश्यक असून सभागृहात 62 उपस्थित आहेत, सबब कामकाज चालवता येत नाही. अध्यक्षांचा निर्णय : मुद्दा फेटाळला. कारण, ही गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा असून तिला गणपूर्तीची अट नाही. विषय क्र. 3 चे कामकाज पुढे चालू झाले.’

बस्स! यात 62 हा आकडा आहे, कारण मुद्दाच आकड्याचा आहे. तो हजेरीपत्रकावरच्या सह्यांचा नव्हे, त्या क्षणी मोजलेल्या डोक्यांचा, आणि पाहुणे असतील तर ते वगळून. म्हणून 64 नव्हे, 62. कोण किती चिडलं ते यात नाही. ‘सरपंचांनी अत्यंत समर्पक उत्तर देऊन निरुत्तर केले’ हेही नाही. निर्णयाला विशेषण लावलं की लिहिणारा एका पार्टीचा झाला. कारण मात्र हवंच. 1876 पासून सभाशास्त्रात प्रमाण मानलं जाणारं अमेरिकेतलं ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’ हे पुस्तकही तेच सांगतं : इतिवृत्तात सभेने काय केलं ते लिहा, कोण काय बोललं ते नको, पण हरकतीचा मुद्दा आला तर तो मान्य झाला की फेटाळला हे अध्यक्षांनी दिलेल्या कारणासह लिहा. सगळ्या बडबडीतून एवढंच बोलणं वहीत येतं, कारण पुढच्या वेळी तोच प्रश्न उठला तर त्याच कारणाकडे बोट दाखवता येतं.

मुद्दा मान्य झाला असता तर शेवटची ओळ बदलली असती, आणि लोक नेमकी तीच विसरतात. समजा ऐनवेळच्या विषयांत कुणी गायरानात टॉवर उभारायचा विषय घुसवला, नोटिशीत तो नाही म्हणून हरकत आली आणि अध्यक्षांनी ती मानली. तर ‘मुद्दा मान्य’ लिहून थांबायचं नाही. टॉवरच्या विषयाचं काय झालं ते लिहायचं : घेतला नाही, पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर ठेवावा. ही ओळ सुटली की महिन्याभराने त्याच पानाच्या रिकाम्या जागेत वेगळ्या शाईत ‘सर्वानुमते मंजूर’ उगवतं. रिकाम्या जागा सोडून लोकांच्या सह्या-अंगठे आधी घेणारी वही मी पाहिलेली आहे, आणि तिथे हशा नव्हता. ज्यांना कोण काय बोललं ते हवंच आहे त्यांनी काळजी करू नये. प्रत्येक सभेत दहा मोबाइल वर धरलेले असतात, सगळं त्यांत आहे, ठसक्यासकट.

आता 2 ऑक्टोबरची ग्रामसभा येईल. विषय क्रमांक एक निघाला की हसण्या-खोकण्याच्या दुरुस्त्या सुचवू नका. मागच्या सभेत हरकत आली होती, तिच्यावरचा अध्यक्षांचा निर्णय आणि त्याचं कारण वाचून दाखवा, एवढंच म्हणा. वाचता आलं नाही, तर ते लिहून घेतल्याशिवाय इतिवृत्त कायम करायला हात वर करू नका.