आजींचा लेखी कारभार

उतारवयात ज्यांच्या हाती एकाएकी स्मार्टफोन आला, अशा वृद्ध स्त्रियांचा एक स्वतंत्र वर्ग अलीकडे आपल्या समाजात उदयास आला असून, या वर्गाचे यथासांग दर्शन ज्याला घ्यावयाचे असेल त्याने सुरतेच्या डिंडोलीत यावे, अशी माझी शिफारस आहे. उधन्याला लागून असलेली ही वस्ती गुजरातेत आहे हे नकाशावरून सिद्ध होते, गल्लीत उभे राहून मात्र सहसा होत नाही; कारण भुसावळकडून येणाऱ्या ताप्ती लाइनने धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे मिलच्या आणि लूमच्या कामावर इथे आणून उतरवली, आणि त्यांनी आपली कानबाई, आपले बिबडे आणि आपली अहिराणी यांसह इथेच बस्तान बसवले. परिणामी इथल्या घरात बोलणे अहिराणीत, दुकानाची पाटी गुजरातीत, शेजाऱ्याशी भांडण हिंदीत आणि पोरांचे पाढे मराठीत, अशी चार भाषांची वहिवाट पडली आहे, आणि आमच्या शेजारच्या आजींच्या फोनमध्ये मराठी, गुजराती व इंग्रजी असे तीन कीबोर्ड ज्या दिवशी कोणीतरी चांगल्या हेतूने भरून ठेवले, त्या दिवसापासून ही वहिवाट लेखी स्वरूपात चालू झाली.

आजी चौथीपर्यंत शिकलेल्या. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी किराण्याची उधारी, भिशीचा हिशेब आणि गावाकडच्या शेताचे दस्तऐवज ही तिन्ही खाती आजवर निर्वेधपणे सांभाळली असल्यामुळे, लेखी मजकुराविषयी त्यांच्या मनात जो आदर आहे तो वकिलाच्या मनातही क्वचितच आढळेल. “आजी, बटण दाबून नुसतं बोल, तुझा आवाज जाईल,” असे नातीने शंभरदा विनवले. परंतु “बोलेल वारावर जास, लिखेल ऱ्हास,” हा त्यांचा निकाल कायम आहे. मध्यंतरी बोललेले शब्द यंत्राकडूनच लिहवून घेण्याचा प्रयोगही झाला. पण आजींनी खणखणीत आवाजात “दूध नही शे” असे सांगितले असता यंत्राने “दूध नाही शेठ” असे अदबीने लिहून दिले, आणि आपल्या तोंडी नसलेला शेठ ज्याने घातला त्या कारकुनाला आजींनी त्याच क्षणी बडतर्फ केले.

नात रिंग रोडच्या कापड मार्केटात एका पेढीवर बिले लिहिते. आरंभी तीही इतरांप्रमाणे आजींचे संदेश वाचून हसत असे आणि संध्याकाळी घरी येऊन, सांगितलेली वस्तू न आणल्याबद्दल बोलणी खात असे. पुढे तिने मोडीच्या जाणकाराची वृत्ती धारण केली. मोडी वाचणारा जसा ऱ्हस्वदीर्घाची आणि दोन शब्दांमधल्या अंतराची आशा प्रथमच सोडून देतो व लिहिणाऱ्याच्या हाताचे वळण ओळखू लागतो, तसे तिने आजींच्या अंगठ्याचे वळण ओळखले. हा अंगठा जड आहे. जन्मभर भाकरी थापलेला आहे. जोडाक्षरासाठी लागणारे पाय मोडण्याचे चिन्ह शोधण्याइतका त्याला वेळ नाही, म्हणून “रस्ता” हा नेहमी “रसता” आणि “स्टेशन” हे “सटेशन”. हे वाचणे सोपे. खरा पेच निराळाच होता. आजींचा संदेश मराठीत सुरू होई आणि मध्येच, काही कारण नसताना, गुजराती लिपीत शिरे. फोन बिघडला असा घरच्यांचा समज झाला. नातीने मात्र एके दिवशी शेजारी बसून आजींना लिहिताना नुसते पाहिले, तेव्हा उलगडा झाला: शब्द सोडण्याची जी लांब पट्टी असते, तिच्यावर बोट टेकवून धरले की भाषांची यादी उघडते, आणि आजींना पुढे काय लिहावे हे सुचेनासे झाले की त्यांचा अंगठा विचार करण्यासाठी नेमका तिथेच विसावतो. यादी उघडते, त्या ती दूर सारायला जातात, आणि बोट गुजरातीवर पडते.

या शोधाने नातीच्या हाती मोठीच किल्ली आली. लिपी जिथे बदलली तिथे आजी थांबल्या होत्या. आणि ज्या गोष्टीसाठी आजी थांबतात तीच बहुधा संदेशाची असल बाब असते, आधीचा भाग नुसता हालहवाल. तेव्हापासून ती आधी गुजराती भाग वाचते आणि मग सवडीने मराठीकडे येते. सुरतेत वाढल्यामुळे तिला दोन्ही लिप्या सारख्याच. आजींनाही गुजराती अक्षरे लागतात, कारण राहत्या गल्लीत पाट्या वाचून वाचून ती त्यांनी फुकटात मिळवली आहेत.

तिसरा एक घटक कीबोर्डच्या माथ्यावर असतो. आपण एक शब्द लिहिला की पुढचा कोणता असावा याच्या तीन सूचना तिथे आगाऊ हजर होतात. आजींच्या मते समोर वाढलेले नाकारणे हा उद्धटपणा. त्यामुळे मधल्या सूचनेला त्या सहसा विन्मुख पाठवत नाहीत. याच सौजन्यातून गेल्या हिवाळ्यातले ते प्रकरण उद्भवले.

दुपारी बाराच्या सुमारास कुटुंबाच्या ग्रुपवर आजींचा संदेश आला: “आज फौजदारी गुन्हा दाखल लवकर ये”, आणि त्यापुढे गुजराती लिपीत काही मजकूर. जळगावच्या काकांना गुजराती वाचता येत नाही. त्यामुळे पुढच्या अक्षरांत गुन्ह्याचे कलम, ठाण्याचे नाव आणि आरोपींची यादी असणार, असे ते धरून चालले, आणि त्यांनी परिचयाच्या वकिलाला जेवणावरून उठवले. आत्याबाईंनी नवस बोलून टाकला. नातीने पेढीवर बसल्या बसल्या नेहमीप्रमाणे उत्तरार्ध आधी वाचला. तिथे “कांदा लई ये” इतकेच होते. ज्या गुन्ह्याच्या तपासात कांदा लागतो तो पोलिसांच्या कक्षेतला नव्हे, हे उघडच होते. मग ती मराठीकडे वळली. रविवारी संध्याकाळी आजींनी डाळी निवडून ठेवलेल्या तिने पाहिल्या होत्या. खानदेशात लसूण-मिरचीची जी झणझणीत डाळ करतात तिला फौजदारी म्हणतात, आणि “फौजदारी” हा शब्द कीबोर्डला दिसताच त्याने आपल्या अकलेप्रमाणे आधी “गुन्हा” व मागोमाग “दाखल” पुढे केला असणार, व आजींनी दोन्हींचा मान राखला असणार. ती आपल्या कामाला लागली, आणि सुटल्यावर कांदे घेऊन घरी गेली.

या सगळ्यात तिची सबुरी मला थोर वाटते ती आणखी एका बाबतीत. आजी रागाच्या भरात कधी कधी सुनेविषयी नातीला सविस्तर लिहितात, मग पश्चात्ताप होऊन तो संदेश पुसतात. पण पुसताना “सर्वांसाठी” आणि “माझ्यासाठी” या दोन पर्यायांपैकी त्या न चुकता दुसरा निवडतात, कारण संदेश आपला आहे. तो त्यांच्या फोनमधून नाहीसा होतो आणि नातीच्या फोनमध्ये तसाच राहतो. नात तो वाचते, आपल्याकडचाही पुसते, आणि आईला वा आजीला चकार शब्द बोलत नाही.

काकांचा मात्र त्या दिवशी फोनवर फोन आला. जामिनाला किती लागतील, असे ते विचारत होते. आजींना बराच वेळ काही उमगेना, उमगले तेव्हा त्यांनी फोन खाली ठेवला, नातीच्या ताटात डाळ वाढली आणि म्हणाल्या, “इतलं शिकाडं त्याले, तरी वाचता येस नही.”