तळातला डबा

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात खारं पाणी म्हणावं तर लोणारचं, आणि तिथे जहाज येत नाही. तरी डोणगावच्या माणसाने न्हावा-शेवा बंदराची चौकशी करावी अशी वेळ आली आहे. परदेशी निघालेल्या विदर्भातल्या कापसाच्या गाठी आणि सोयापेंड कंटेनरात बसून तिकडेच जातात. मेहकरजवळ समृद्धीवर चढायचं आणि थेट आमण्याला उतरायचं. ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. आता विदर्भातला ट्रेलर बंदराच्या दाराशी पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर पोचतो आणि रांगेत पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभा राहायला मोकळा होतो.

ट्रेलर गेटबाहेर उभा, जहाज समुद्रात नांगर टाकून उभं. दोघांच्या मधे टर्मिनल. मग दोष कुणाचा? चहाच्या टपरीवर उत्तर तयार असतं: "क्रेना कमी हायेत, दुसरं काय!" पुढारीही हेच म्हणतो, फक्त तो क्रेनच्या आधी ‘जागतिक दर्जाच्या’ असं लावतो.

क्रेनचा हिशेब फार अवघड नाही. धक्क्यावरची मोठी क्रेन, जिला क्वे क्रेन म्हणतात, ती तासाला साधारण २५ डबे उचलते. तीसही उचलते, पण पंचवीसच धरू. समजा एक जहाज आलं. त्यातून १,२०० डबे उतरवायचे आहेत आणि १,२०० चढवायचे आहेत. चार क्रेना लावल्या तर तासाला शंभर डबे, म्हणजे २४ तासांचं काम. पायलट चढणं, दोर बांधणं, डब्यांची लॅशिंग सोडणं-आवळणं यांना आणखी चार तास. २८ तासांत जहाज मोकळं व्हायला हवं.

आता क्रेनखाली बघा. जहाजातून उचललेला डबा ट्रेलरवर ठेवायचा असतो आणि तो ट्रेलर मागच्या यार्डातून परत यायचा असतो. तो आला नाही तर डबा हवेत लटकलेला आणि वर केबिनमधला चालक मोबाइल बघतोय. क्रेन धडधाकट आहे, विजेचं बिल चालू आहे, काम थांबलंय. असं होत राहिलं तर २५ चे १८ होतात. चार क्रेनांचे ७२. तेच काम आता ३३ तास घेतं. क्रेन न बिघडता नऊ तास गेले. आणखी दोन क्रेना आणून उभ्या केल्या तर? त्याही डबे लटकवून बसतील. मग भाषणात सांगायला लटकलेले डबे तेवढे जास्त.

ट्रेलर वेळेवर येत नाही, कारण यार्ड भरलेलं असतं. आपल्याकडे सीझनला जिनिंगच्या दारात ट्रॅक्टरांची रांग लागते, ती काटा हळू आहे म्हणून नव्हे, तर आत कापसाच्या गंजीला जागा उरलेली नसते म्हणून. बंदरात फक्त एक वाढीव दुखणं आहे. कापूस कुठलाही उचलला तरी चालतो, इथे नेमका एकच डबा हवा असतो.

यार्डात डबे एकावर एक रचतात. तीनची थप्पी असेल आणि त्यातला कुठलाही एक डबा काढायचा असेल, तर सरासरी एक डबा बाजूला करावा लागतो. नशीब चांगलं असेल तर शून्य, वाईट असेल तर दोन. थप्पी पाचची केली की सरासरी दोन डबे हलवावे लागतात. म्हणजे जागा दोन-तृतीयांश वाढली आणि खोदकाम दुप्पट झालं. कागदावर यार्डाची क्षमता वाढली, साहेबांनी सही केली, आणि आरटीजी नावाची रबरी चाकांची क्रेन दिवसभर आपलेच डबे इकडून तिकडे ठेवत बसली. त्या प्रत्येक उचलीचं भाडं मिळत नाही.

निर्यातीच्या डब्यांचं बरं असतं, कारण ते कोणत्या जहाजावर, कोणत्या बंदराला, किती वजनाचे हे आधी ठाऊक असतं. १ जुलै २०१६ पासून तर प्रत्येक भरलेल्या डब्याचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. जहाजात जड डबे खाली, हलके वर. म्हणून यार्डात शहाणा प्लॅनर उलटं रचतो: जड वर, कारण तो आधी उचलायचा. आपला पेंडीचा जड डबा कटऑफच्या आदल्या तासाला पोचला तर प्लॅनरचं भलंच होतं, पण कापडाचा हलका डबा उशिरा आला की तो जड डब्यांच्या डोक्यावर बसतो आणि पुन्हा खोदकाम. आयातीचं दुखणं वेगळंच. मालक आज येईल की पुढच्या सोमवारी, कुणालाच माहीत नाही. बंदरातून थेट माल उचलण्याची सोय आयातदारांना दिलेली आहे, पण मोफत दिवस संपेपर्यंत बंदरालाच गोदाम समजणारे लोक आहेत. त्यांना दोष देऊ नका. स्वस्त गोदाम कुणाला नको असतं?

हे सगळं एका क्षणात सिद्ध झालं ते २७ जून २०१७ ला. मंगळवार होता. जेएनपीटीतल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणक एका मालवेअरने बसवले. टर्मिनल मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडून चालवलं जाणारं, वर्षाला सुमारे १८ लाख टीईयूंची क्षमता असलेलं, आणि मर्स्कच्या जगभरच्या यंत्रणेवर त्याच दिवशी हल्ला झाला होता. टीईयू म्हणजे वीस फुटी डबा. क्रेना जागच्या जागी होत्या. धक्का तोच, समुद्र तोच, माणसं तीच. एकाही डब्याला कुणी हात लावला नव्हता. तरी काम ठप्प, कारण कुठला डबा कुठल्या ब्लॉकात, कुठल्या ओळीत, खालून कितव्या थरावर आहे हे सांगणारी नोंदच हाती उरली नाही. हाताने काम चालवायचा प्रयत्न झाला, काही जहाजं शेजारच्या टर्मिनलांकडे वळवली गेली, गेटबाहेर ट्रेलर तुंबले. मर्स्कने पुढे या एका हल्ल्याचं जगभरचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं. क्रेनवाल्यांनी त्या आठवड्यात काय विचार केला असेल ते मला माहीत नाही, पण क्रेनची संख्या मोजणाऱ्या पुढाऱ्यांनी काही विचार केला नाही, हे पुढच्या भाषणांवरून दिसतं.

आता ते नऊ तास पुन्हा हातात घेऊ. मागचं जहाज ठरलेल्या वेळेला आलेलं आहे. त्याला ‘विंडो’ म्हणजे धक्क्याची राखून ठेवलेली वेळ दिलेली असते. ते बाहेर थांबतं. मोठं, खोल बसलेलं जहाज असेल तर मुंबईच्या खाडीत ते भरतीच्या पाण्यावर आणावं लागतं, आणि भरती हुकली की पुढची साधारण बारा तासांनी. नऊ तासांचा उशीर बारा झाला. तिसऱ्या जहाजाची विंडो त्यामुळे गेली आणि चौथं सिंगापूरकडून आधीच उशिरा निघालेलं असल्याने दोघं एकदम येऊन उभी राहिली. लाल समुद्रातले हल्ले टाळायला जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा २०२४ मध्ये हेच झालं: वेळापत्रकं मोडली आणि जहाजं झुंडीने पोचू लागली. सिंगापूरसारख्या शिस्तीच्या बंदराबाहेरही दिवसचे दिवस थांबणं आलं. तिथे क्रेना कमी होत्या असं कुणी म्हणेल तर त्याला चहा आपल्याकडून.

झुंडीचं गणितही सोपं आहे आणि कुणालाच ते आवडत नाही. एकच धक्का धरा, प्रत्येक जहाजाला सरासरी एक दिवस लागतो, आणि जहाजं बेभरवशी येतात, कामही कमीजास्त होतं. धक्का निम्मा वेळ व्यग्र असेल तर जहाज सरासरी एक दिवस थांबेल. ऐंशी टक्के व्यग्र असेल तर चार दिवस. नव्वद टक्के केला की नऊ दिवस. शेवटचे दहा टक्के काम वाढवायला पाच दिवसांची थांबणूक. धक्के पाच-सहा असले आणि जहाजं वेळापत्रकाने आली तर हे आकडे पुष्कळ खाली येतात, पण वळण तेच राहतं. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने बंदरं आखणाऱ्यांना जुना ठोकताळा देऊन ठेवलाय: एकटा धक्का ४० टक्क्यांहून जास्त व्यग्र ठेवू नका, सहा किंवा जास्त असतील तर ७० टक्क्यांपर्यंत जा.

म्हणजे नीट चाललेल्या बंदरात धक्के दर आठवड्याला काही वेळ रिकामे दिसायला हवेत. आपल्याकडे रिकामा धक्का दिसला की चौकशी समिती, आणि भरलेला दिसला की पेढे. ‘विक्रमी हाताळणी’ची बातमी येते त्याच आठवड्यात नांगर टाकलेली जहाजं मोजायला मात्र कुणी बोटीत बसत नाही.

कधीकधी दोष खरंच कुणाच्याच नियोजनाचा नसतो. ७ ऑगस्ट २०१० ला एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं मुंबईजवळ एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडली, तिच्यावरचे शेकडो डबे पाण्यात पडले. मुंबई बंदर आणि न्हावा-शेवा दोघांना वाट एकच, आणि त्या वाटेत बुडालेले डबे कुठे आहेत हे शोधल्याशिवाय जहाज नेणार कसं? वाहतूक काही दिवस बंद. त्या वेळी दोन्ही बंदरांत मिळून कितीही क्रेना असत्या तरी उपयोग शून्य होता.

तर जहाज थांबलंय अशी बातमी वाचलीत की दोन घड्याळं विचारा. नांगर टाकल्यापासून धक्क्याला लागेपर्यंत किती वेळ गेला आणि धक्क्याला लागल्यापासून सुटेपर्यंत किती. दुसरा वेळ नेहमीइतकाच आणि पहिला वाढलेला असेल तर झुंड आली आहे, ती काही दिवसांत ओसरेल. दुसराही वाढला असेल तर मागचं यार्ड तुंबलंय, आणि ते गेट, रेल्वे आणि आयातदारांच्या सवयी हलल्याशिवाय सुटत नाही. आपला ट्रेलर तिथेच तुंबतो. कटऑफ हुकला की डबा पुढच्या जहाजावर ढकलला जातो आणि मेहकरच्या व्यापाऱ्याला फोन येतो, ‘रोल झाला, पुढच्या आठवड्यात बघू.’

पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली आहे. हजार-हजार मीटरचे नऊ कंटेनर टर्मिनल, सुमारे ७६ हजार कोटी. मच्छीमारांचा विरोध आहे तो वेगळा विषय, त्यावर एक स्वतंत्र सदर लागेल. तिथल्या धक्क्याची लांबी आता मलाही पाठ झाली आहे. मागच्या यार्डात थप्पी तीनची ठेवणार की पाचची, आणि धक्के किती टक्के वेळ रिकामे ठेवायची मुभा व्यवस्थापकाला असेल, हे मात्र अजून एकाही भाषणात आलेलं नाही.