३१ मेनंतरचं कपाट

नव्याने सेवानिवृत्त झालेल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

निवृत्तिवेतनाची विक्री, मधुमेह आणि वारसनोंद या विषयांवर बोलायला माणसं लगेच मिळाली. कपड्यांवर कुणी तयार होईना, म्हणून आजचा कार्यक्रम ठरवणाऱ्या आबांनी माझं नाव पुढे केलं. 'तुम्हाला तसंही काही काम नाही,' असं त्यांनी कारणही दिलं. वेळ थोडा आहे, शेवभाजीचा वास यायला लागला आहे, तेव्हा थेट कपाटच उघडतो.

तुमच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा जन्म १ जूनचा असेल. आपल्या आयांनी काही ठरवून हे केलेलं नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख सोयीची वाटली ती टाकली. आता नियम असा, की ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून महाराष्ट्रात ३१ मे रोजी घाऊक निरोपसमारंभ होतात. धुळ्यात तेव्हा पारा बेचाळिसाच्या आसपास असतो आणि तशा उन्हात टेरिकॉटचा सफारी घातलेल्या माणसाच्या खांद्यावर लोकरीची शाल टाकली जाते. आपल्या नव्या आयुष्यातला हा पहिला पोशाख. तो घालून जो शुद्धीवर राहतो, त्याला शासन पेन्शन देतं.

तर टेरिकॉट. ऑफिससाठी तो उत्तम, कारण चुरगळत नाही. साहेबांनी दिवसभर उभं केलं तरी संध्याकाळी इस्त्री तशीच. पण त्यातला मोठा हिस्सा पॉलिएस्टरचा असतो आणि पॉलिएस्टर घाम पीत नाही. शंभर ग्रॅम सूत हवेतली सात-आठ ग्रॅम ओल सहज पोटात घेतं. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. ऑफिसात डोक्यावर पंखा होता म्हणून हे कळलं नाही. देवपुरातल्या आपल्या ओट्यावर दुपारी वीज गेली की कळतं. पाठीला चिकटलेला शर्ट सोडवायला घरात कुणी मोकळं नसतं. कापसाच्या मुलखात जन्मून आपण पस्तीस वर्षं नळीतून ओढलेला धागा अंगावर वागवला, हा भाग वेगळाच.

पण सगळं बोहारणीला देऊ नका. ती सहा पॅन्टींवर एक स्टीलची वाटी देते आणि वर 'साहेबांच्या पॅन्टी कमरेत फार हो,' असंही म्हणते. आधी प्रत्येक पॅन्ट उलटी करा. मागच्या मधल्या शिवणीत किती कापड दाबलंय ते बघा. जुन्या टेलरने शिवलेली असेल तर दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच सापडेल. माणूस पुढे सुटणार, हे त्याला तुमच्या आधी ठाऊक होतं. तयार घेतलेल्या पॅन्टीत बोटभरही नसतं, ती सोडा. शिवण उसवून कंबर दोन इंचांपर्यंत वाढवता येते. त्यापुढे हट्ट धरू नका. मागचे दोन खिसे एकमेकांपासून दूर जातात आणि बसताना मांडीशी कापड ओढतं. आतलं कापड उन्हात निघालेलं नसतं, त्यामुळे मध्ये गडद पट्टा दिसेल. तो टेरिकॉटवर फारसा उठत नाही, सुतीवर उठतो. शर्ट सोडून घाला, कुणाला दिसत नाही. अशा दोन पॅन्टी पुरे. लग्न, साखरपुडा, गंधमुक्ती आणि नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण हयात आहोत हे सांगणं, एवढ्याच कामांना आता पॅन्ट लागते.

बाकी दिवसाचा हिशेब वेगळा आहे. पहाटे फिरणं, मग दूध, मग भाजी, दुपारी आडवं होणं, संध्याकाळी पांझरेकाठी नाहीतर कट्ट्यावर बसणं. या सगळ्यात खुर्ची कुठेच नाही. आपण खुर्चीचे कपडे घालून जमिनीवर बसतो आणि मग गुडघ्यांना दोष देतो. म्हणून सुती पायजमा आणि नेहरू शर्ट. कापड छत्तीस इंच पन्ह्याचं असेल तर साधारण बांध्याच्या माणसाच्या नेहरू शर्टाला तीन मीटर लागतं. शिवायच्या आधी ते रात्रभर पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा, मग टेलरकडे न्या. सूत पहिल्या धुण्यात आटतं. हे न करणाऱ्याचा नेहरू शर्ट पहिल्या धुण्यानंतर नातवाला बरोबर बसतो.

आता पायजम्यात नाडी की इलॅस्टिक? या प्रश्नावर आमच्या कट्ट्यावर दोन पक्ष आहेत आणि त्यांच्यात बोलणं बंद आहे. मी नाडीवाला. इलॅस्टिकमध्ये रबर असतं आणि आपल्याकडे कपडे गच्चीवर वाळतात. दोन उन्हाळ्यांत ते रबर ढिलं पडतं, आणि ते ढिलं पडलं हे घरात नाही, भाजीबाजारात दोन्ही हातांत पिशव्या असताना कळतं. नाडीचा दोष एकच, धुताना एक टोक आत जातं. त्यावर उपाय सोपा आहे. धुवायला टाकण्याआधी दोन्ही टोकांची एकमेकांशी गाठ मारा. तरी गेलीच, तर टोकाला सेफ्टीपिन अडकवून नेफ्यातून सरकवत आणा. हे काम पत्नीला सांगू नका. तिला आधीच वाटतंय की आपण तिच्या घरात बदली होऊन आलो आहोत.

खिशाकडे मात्र टेलरचं लक्ष नसतं, आपलं हवं. नेहरू शर्टाचे बाजूचे खिसे उथळ असतात. कट्ट्यावर मांडी घातली की मोबाइल घरंगळतो. खिसा मनगट पूर्ण बुडेल इतका खोल सांगा आणि डाव्या छातीशी आतून एक छोटा खिसा लावून घ्या, चष्म्यासाठी. वर बाहेरचा खिसा नको, कारण तिथे हात आपोआप पेन लावतो, आणि पेन दिसलं की बँकेतला प्रत्येक जण आपल्याकडून स्लिप भरून घेतो.

भगिनींना माझ्या पत्नीचा निरोप आहे. ती शाळेतून निवृत्त झाली. खळीच्या सुती साड्या तिने वाटल्या नाहीत, त्यांचे काठ काढून घरात घालायचे ढगळ कुर्ते शिवले, प्रत्येकाला दोन खिसे. 'आयुष्यभर किल्ली कमरेला खोचली, आता खिशात हात घालून उभी राहणार,' असं ती म्हणते. ती तशी उभी राहिली की मला घरात साहेब आल्यासारखं वाटतं.

हिवाळ्याबद्दल एवढंच. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे पारा एका आकड्यात येतो आणि अकरा वाजता ऊन चटका देतं. तेव्हा एका जाड स्वेटरपेक्षा आत सुती बंडी, मध्ये सदरा, वर बिनबाह्यांचा स्वेटर, असं घाला. एकेक उतरवता येतं. उन्हाळ्यात डोक्याला मोठा पांढरा बागायती रुमाल. तो गुंडाळून मी परवा आग्रा रोडवर निघालो, तर रिक्षावाला म्हणाला, "आबा, कथा चालनात?" पस्तीस वर्षं 'साहेब' ऐकलं, त्यापेक्षा हे कानाला बरं लागलं. भाडं त्याने तेवढंच घेतलं.

आता पानं वाढली आहेत. तुमच्यातल्या तिघा-चौघांनी आजच पांढरे सदरे घातलेत, त्यांचं काही खरं नाही. शेवभाजीची तर्री उडाली, तर वरचं तेल आधी कागदाने टिपून घ्या, चोळू नका. घरी साबण लावला की हळदीचा डाग लालभडक होईल. घाबरू नका, साबणाने हळद अशीच रंग बदलते. धुवून तसाच गच्चीवर टाका. हळदीचा रंग उन्हात उडतो, आणि ऊन आपल्याकडे रेशनवर नाही.