तक्रार येऊच नये म्हणून : जागल्या धोरणाची सोपी कृती

आपली कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, लोकांकडून ठेवी घेत असेल किंवा बँकांचे कर्ज ५० कोटींच्या वर गेले असेल, तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ प्रमाणे गैरप्रकार कळवण्याची सोय करावीच लागते. घाबरू नका. सोय करणे सक्तीचे आहे, ती कुणी वापरलीच पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही.

साहित्य थोडकेच लागते : बारा पानी इंग्रजी धोरण, एक कुलूपबंद पेटी आणि एक तापट व्यवस्थापक. पेटी सीसीटीव्हीच्या नजरेत, एचआरच्या दारासमोर टांगावी. चावी अशा माणसाकडे द्यावी, ज्याच्याविरुद्ध तक्रार येण्याचा संभव सर्वांत जास्त. योग्य प्रसंगी तक्रारदाराला थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे जाता आले पाहिजे, असेही कायदा म्हणतो. अध्यक्षांचे नाव ठळक छापा, पत्ता मात्र ‘कार्यालयात चौकशी करावी’ एवढाच द्या.

इतके करूनही एखादी चिठ्ठी येतेच. समजा, चाकणच्या एका कारखान्यात ती आली : भंगार उचलणारा ट्रक रिकामा म्हणून काट्यावर चढतो तेव्हा त्यात पाण्याची पिंपे आणि चार माणसे असतात. रिकाम्या गाडीचे वजन ८,२०० किलो लागते, खरे असते ७,४०० किलो. पिंपे आत ओतली जातात, माणसे उतरतात, भंगार भरले जाते. भरलेल्या वजनातून ८,२०० वजा केले की दर फेरीला ८०० किलो भंगार फुकट बाहेर जाते. किलोला ३० रुपये धरले तरी फेरीमागे २४,००० रुपये झाले.

आता व्यवस्थापकाने पहिला प्रश्न विचारायचा तो हाच : “हे लिहिलं कुणी?” काटा नंतर पाहू. पिंपे कोणाला दिसतात? रात्रपाळीच्या काटेवाल्याला आणि गेटवरच्या दोन रखवालदारांना. तिघांना एकेक करून केबिनमध्ये बोलवा. संध्याकाळपर्यंत कारखान्याला नाव कळते आणि पुढची पाच वर्षे पेटी रिकामी राहते. चिठ्ठी स्कॅन करून ‘कृपया खुलासा करावा’ म्हणून स्टोअरप्रमुखाला पाठवली, तर केबिनचाही खटाटोप वाचतो.

ही पद्धत गावठी आहे असे कुणी म्हणाले, तर बार्कलेज बँकेचे उदाहरण द्यावे. २०१६ मध्ये एका वरिष्ठ नेमणुकीबद्दल तिथे निनावी पत्रे आली. मुख्य कार्यकारी अधिकारी जेस स्टेली यांनी पत्रलेखकाचा माग काढण्याच्या कामी बँकेचे सुरक्षापथक लावले. लेखक सापडला नाही. २०१८ मध्ये ब्रिटनच्या नियामकांनी स्टेली यांना ६,४२,४३० पौंडांचा दंड केला. खुर्ची मात्र तेव्हा राहिली, हे आपल्या व्यवस्थापकाला धीर देण्यासाठी सांगावे.

काही खडूस लोक ही कृती मुद्दाम बिघडवतात. त्यांच्याकडे चिठ्ठी स्टोअरशी संबंध नसलेल्या माणसाच्या हाती पडते. तो तिला क्रमांक देतो, मूळ कागद कुलपात ठेवतो आणि ‘रात्रपाळी’, ‘पिंपे’ असे लेखकाकडे बोट दाखवणारे शब्द पुढे जाऊच देत नाही. मग वार्षिक तपासणीच्या नावाखाली सगळ्या भंगार ठेकेदारांच्या सहा महिन्यांच्या वजनपावत्या मागवल्या जातात. एकाच ठेकेदाराच्या मागवल्या तर तो सावध होतो, शिवाय कुणीतरी बोलले हेही उघड होते. गाडीच्या आरसीवर रिकामे वजन लिहिलेले असतेच. त्याच्याशी पावत्या ताडल्या की एकच ट्रक काही ठरावीक रात्रीच ८०० किलोंनी जड का होतो, हा प्रश्न कागदच विचारतात. साक्षीदार लागत नाही, म्हणून तो उघडाही पडत नाही. चिठ्ठी खोटी असेल तर तेही याच पावत्यांतून, कुणाची बदनामी न होता कळते.

नाव फुटलेच, तरी आपल्या कृतीला अजून एक संधी आहे. लगेच सूड घेऊ नये, ते दिसते. चारेक महिने थांबावे. मग काटेवाल्याची बदली दूरच्या डेपोत, ओव्हरटाइम बंद, मूल्यमापनात ‘संघभावना कमी’. प्रत्येक आदेश एकेकटा पाहिला तर निर्दोष असतो. बिघडवणारे इथेही आडवे येतात. तक्रारीनंतर वर्षभर त्या विभागातल्या कुणाचीही बदली, पगारकपात किंवा कमी श्रेणी लेखापरीक्षण समितीच्या मंजुरीशिवाय होणार नाही, असे कलम ते धोरणात घालतात. सगळ्या विभागाला लागू असल्यामुळे त्या कलमातून तक्रारदार ओळखू येत नाही. व्यवस्थापक कुरकुरतात की खऱ्या कामचुकारांनाही यामुळे कवच मिळते. थोडेफार मिळते, हे खरे आहे.

तेव्हा नवशिक्यांनी आमची कृती तंतोतंत पाळावी आणि वर्षाअखेरीच्या अहवालात ‘प्राप्त तक्रारी : शून्य’ असे समाधानाने छापावे. भंगाराचा ट्रक आठवड्याला एक फेरी करत असेल, तर त्या शून्याची वर्षाची किंमत साडेबारा लाखांच्या आसपास जाते.