पाया पडतो आजी, काय म्हन्ते तब्येत?

अमरावतीच्या दुकानात बाहेरगावचा माणूस उभा राहिला की दुकानदार पहिल्या वाक्यालाच हिंदीत शिरतो. अकोल्यातही तेच. समोरच्याने अडखळत का होईना मराठीत विचारलं, तरी उत्तर हिंदीत येतं. याला इतिहास आहे. वऱ्हाडावर आधी निजामाचा अंमल होता. पुढे १९०३ साली हा मुलूख मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९५६ पर्यंत आपला कारभार हिंदी भाषकांच्या शेजारीच चालला. हिंदी आपल्या जिभेवर बसली, यात वाईट काही नाही. वाईट हे, की आपण बाहेरच्याला मराठी बोलायची संधीच देत नाही आणि वर्षानुवर्षं राहूनही त्याला मराठी येत नाही म्हणून दोष त्यालाच देतो.

म्हणून आज एका दुकानदाराची गोष्ट. माणसं मी रचलेली आहेत. त्यांचं बोलणं मात्र या दोन शहरांत रोज ऐकू येणारं आहे.

मुलगा कानपूरचा. पुण्यात नोकरी, तिथेच अकोल्याच्या मुलीशी जुळलं. घरचे तयार होते, पण शेवटचा शब्द आजीचा. मित्राकडे अमरावतीला उतरलेला हा मुलगा दुसऱ्या दिवशी अकोल्याला जाणार होता आणि आजीसाठी साडी घ्यायला अंबादेवीच्या रस्त्यावरच्या एका कापड दुकानात आला. दुकानदाराने पहिला प्रश्न केला, आजी लुगडं नेसते की पातळ? मुलाला दोन्ही शब्द माहीत नव्हते. त्याने घाबरून मुलीला फोन लावला. उत्तर आलं, लुगडं. म्हणजे नऊवारी. दुकानदाराने बारीक काठाचं, अंगाला हलकं असं सुती लुगडं काढलं आणि घडी मोडता मोडता विचारलं, तिथं जाऊन बोलणार काय?

मुलगा वाक्य पाठ करून आला होता. मुलीने फोनवर शिकवलेलं. त्याने ते एका दमात म्हटलं, ‘पाया पडते आजी, कशी हायेस तू?’

दुकानदार हसला नाही. मला या गोष्टीतली हीच जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. असल्या वेळी हसणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्याहून वाईट म्हणजे मजा म्हणून पाहुण्याला एखादी शिवी शिकवणारेही आहेत, आणि त्या थट्टेची किंमत पाहुण्याला भर बैठकीत मोजावी लागते.

वाक्यात दोन चुका होत्या आणि दोन्ही मुलीच्या तोंडून सहज आल्या होत्या. ती बाई, म्हणून ‘पडते’; पुरुषाने ‘पडतो’ म्हणायचं. ती नात, म्हणून आजीला ‘तू’. वऱ्हाडात आईला आणि आजीला ‘तू’च म्हणतात, त्यात जिव्हाळा आहे. पण पहिल्यांदा उंबरा ओलांडणाऱ्या परक्या पोराने ‘तू’ म्हटलं तर ते कानाला खटकतं. मुलीला यातलं काही जाणवलं नाही, कारण आपली भाषा आपण कुठल्या जागेवरून बोलतो हे बोलताना कोणाच्या लक्षात येत नाही. दुकानदाराच्या लक्षात आलं, कारण परक्या आज्यांशी अदबीने बोलणं हे त्याचं रोजचं काम.

मग ‘तुम्ही’ शिकवावं, तर ‘कशा आहात तुम्ही’ हे वाक्य कानपूरच्या जिभेवर डगमगलं. दोनदा म्हणून घेतल्यावर दुकानदाराने ते सोडून दिलं आणि नवं वाक्य दिलं.

‘पाया पडतो आजी, काय म्हन्ते तब्येत?’

या वाक्याची घडण बघा. ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा प्रश्नच मिटला, कारण विचारणा तब्येतीची आहे. तब्येत हिंदीतही स्त्रीलिंगी, म्हणून ‘म्हन्ते’ त्याला आपसूक साधलं. सांभाळायचं फक्त ‘पडतो’. वाक्यात ‘ळ’ नाही. ‘म्हणते’तला ‘ण’ वऱ्हाडीत ‘न’ होतो, त्यामुळे तोही अडसर गेला. आपली बोली उत्तरेकडच्या जिभेला सोपी जाते: पानी, कोन, डोया, केयी. पुस्तकी मराठी शिकवली असती तर पोरगं पहिल्या ‘ळ’पाशीच अडलं असतं.

तरी मुलाने शंका काढली. गावाकडची बोली बोललो तर आजीला थट्टा वाटेल का? ही शंका त्याच्या डोक्यात आली ती नाटक-सिनेमातून. तिथे वऱ्हाडी बोलणारा माणूस बहुतेक वेळा हसवण्यापुरता येतो. ज्यांना या बोलीत हसण्यापलीकडचं काही दिसत नाही, त्यांनी उद्धव शेळके यांची ‘धग’ वाचावी. १९६० सालची कादंबरी, आपल्याच मुलखातली. तिच्यातल्या कौतिकचं बोलणं वाचताना कोणाला हसू येत नाही. दुकानदाराने एवढंच सांगितलं, की सूर वर नेऊ नको, आधी वाक, मग बोल, आणि आजी बोलायला लागली की मधात बोलू नको.

शंभरेक किलोमीटरचा रस्ता, मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत मुलगा एसटीत खिडकीकडे तोंड करून पुटपुटत होता.

अकोल्याच्या घरी आजी बाजेवर बसली होती. मुलगा वाकला, वाक्य म्हटलं, ‘पडतो’ नीट आलं.

‘काय म्हन्ते बाप्पा, गुडघ्यानं जीव नेला,’ आजी म्हणाली आणि सुरू झाली. गुडघा, मग डोया, मग मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग डॉक्टर. तब्येतीची विचारपूस अशी असते: म्हातारं माणूस स्वतःच बोलतं आणि विचारणाऱ्याला फक्त ऐकायचं असतं. एकाच वाक्याची शिदोरी असलेल्या पाहुण्याला याहून चांगला प्रश्न नाही. मुलगा अधूनमधून ‘हव’ म्हणत राहिला. हा शब्द त्याने बसमध्ये ऐकून उचलला होता.

तो तिथेच फसला. ‘कोन गावचा?’ याला त्याने कानपूर म्हटलं, गाव शब्द कळला म्हणून. ‘जेवला काय?’ यालाही त्याने ‘हव’ म्हटलं, सकाळपासून पोटात काही नसताना. आजीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि आत हाक दिली, ‘पोरगं भुकेलं दिसून रायलं, वाढा त्याले.’ बेसन-भाकरीचं ताट आलं.

लग्नाला ती त्या दिवशी हो म्हणाली नाही. एका वाक्याने लग्न ठरत नसतं. तिने त्याला पुन्हा यायला सांगितलं आणि आईवडलांना घेऊन ये म्हटलं.

याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र लिहिलं. त्यात ज्यांच्या लीळा आहेत ते चक्रधरस्वामी जन्माने गुजरातचे, भडोचचे. ते मराठीत बोलले आणि मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ आपल्याला मिळाला. बाहेरून आलेल्या माणसाने मराठी बोलणं या मुलखाला नवं नाही.

तेव्हा अमरावती-अकोल्याच्या दुकानदारांना एक विनंती. पुढचं गिऱ्हाईक मोडक्या मराठीत काही मागेल तेव्हा हिंदीत जाऊ नका. त्याचं वाक्य नीट करून द्या, त्याच्याकडून एकदा म्हणून घ्या, आणि मग सुटे पैसे परत करा.